जर्मन बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट: खरा की फसवा, हे कसं ओळखायचं

मुलगी बर्लिनमध्ये शिकते, घर नाशिकरोडला. जर्मन भाषेचे पहिले दोन टप्पे झालेत, पण बँकेची भाषा अजून डोक्यावरून जाते. बुधवारी, १२ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी तिच्या मोबाईलवर एसएमएस येतो आणि ती त्याचा स्क्रीनशॉट नाशिकला पाठवते: "मामा, हे बघा ना जरा. खातं बंद पडणार म्हणतायत." मामांची उभी नोकरी बँकेत गेलेली, पण इथल्या बँकेत. जर्मन भाषेचा गंध नाही. तरीही हा मेसेज तपासायला मामा योग्य माणूस आहेत. घाबरलेली व्यक्ती आणि मेसेज यांच्यामध्ये शांतपणे बघणारं कोणीतरी लागतं, आणि निर्णय ज्यावर होतो त्यातलं बरंचसं जर्मन न येताही वाचता येतं.

मेसेज असा आहे:

```
Sparkasse
Ihre S-pushTAN Registrierung läuft am 14.11.2025 ab.
Um eine Sperrung Ihres Kontos zu vermeiden, erneuern
Sie diese bitte hier:
https://sparkasse.de-pushtan.example/start
```

हा नमुना आम्ही जुळवलेला आहे, पण या धाटणीचे मेसेज जर्मनीत सर्रास फिरतात. लिंकची `.example` ही शेपटी मुद्दाम लावली आहे. ती उदाहरणांसाठी राखून ठेवलेली असून कोणालाच विकत मिळत नाही, त्यामुळे चुकून कोणी दाबलं तरी ती कुठेच उघडणार नाही. फसव्या मेसेजमध्ये तिथे `.com`, `.info`, `.top` असं काहीतरी असतं.

आधी एक मर्यादा

स्क्रीनशॉटवरून मेसेज फसवा आहे हे सिद्ध होऊ शकतं. खरा आहे हे मात्र कधीच सिद्ध होत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे शेवटी चित्र. त्यावर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, वेळ, लिंक, सगळं बनवता येतं. लिंकमध्ये इंग्रजी `a` ऐवजी हुबेहूब तसाच दिसणारा रशियन `а` बसवला असेल, तर चित्रात तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून मामांनी "खरा आहे, दे माहिती" असं उत्तर कधीच द्यायचं नाही. त्यांच्याकडे देण्यासारखी उत्तरं दोनच: "हा फसवा आहे" किंवा "यात मला खोट दिसली नाही, पण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बघ". खाली जे सांगितलं आहे ते सगळं पहिल्या उत्तरापर्यंत लवकर पोचण्यासाठी. दुसऱ्या उत्तरात निकाल ॲपच देतं, स्क्रीनशॉट देत नाही.

पायरी १: पूर्ण चित्र मागवा

पहिला स्क्रीनशॉट बहुतेक वेळा कापलेला असतो. घाईत फक्त मेसेजचा चौकोन पाठवलेला असतो, किंवा लिंक अर्धी दिसत असते. दोन स्क्रीनशॉट मागवा. एक पूर्ण स्क्रीनचा, ज्यात वर मोबाईलचं घड्याळ, पाठवणाऱ्याचं नाव आणि खाली मेसेजची वेळ दिसेल. दुसरा पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या माहितीचा. तिथे कधीकधी वर बँकेचं नाव आणि आत साधा दहा-बारा अंकी मोबाईल नंबर निघतो. तो `+49` नं सुरू होत नसेल, फिलिपिन्सचा `+63` किंवा इंग्लंडचा `+44` असेल, तर तपास तिथेच संपला.

तिला हेही सांगा की लिंकवर बोट दाबून धरायचं नाही. आयफोनवर लिंक दाबून धरली की ते पान छोट्या खिडकीत उघडायला लागतं आणि नुसतं बघायला गेलेला माणूस लिंक उघडून बसतो. मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणंही बरं नाही, कारण तिथे ती पुन्हा दाबता येणारी जिवंत लिंक होते आणि ग्रुपमधलं कोणीतरी ती दाबतंच. चित्र असणं इथे फायद्याचं आहे.

फोनच्या कॅमेऱ्यानं किंवा लेन्सनं भाषांतर करताना मात्र तीच अडचण पुन्हा येते. चित्रातली लिंकही ओळखली जाते आणि खाली दाबण्यासाठी बटण येतं. शिवाय अशा वाचनात छोटा `l`, मोठा `I` आणि आकडा `1` यांची अदलाबदल होते. लिंक तपासायची ती मूळ चित्र मोठं करून, स्वतःच्या डोळ्यांनी, भाषांतराच्या पडद्यातून नाही.

पायरी २: पाठवणाऱ्याच्या नावावर भिस्त ठेवू नका

आपल्याकडचे बँकेचे मेसेज ओळखायची एक सवय झालेली असते. भारतात कंपन्यांना मेसेजसाठी आपलं नाव आधी नोंदवावं लागतं. नावाच्या पुढची दोन अक्षरं कोणत्या मोबाईल कंपनीकडून आणि कोणत्या भागातून मेसेज आला हे सांगतात. २०२५ पासून शेवटी `-S`, `-T`, `-P` किंवा `-G` असं एक अक्षरही येतं, म्हणजे सेवा, व्यवहार, जाहिरात की सरकारी. हे बघायची सवय चांगली आहे, पण ती जर्मन मेसेजला लावायची नाही. तिथे नुसतं `Sparkasse` असं कोरं नाव येणं अगदी सामान्य आहे. पुढेमागे काही नाही म्हणून तो फसवा ठरत नाही आणि नाव बरोबर आहे म्हणून खराही ठरत नाही.

एसएमएसमध्ये नंबराऐवजी अक्षरी नाव दाखवायची सोय आहे, जास्तीत जास्त ११ अक्षरांची. नोंदणीची सक्ती नसेल तिथे घाऊक मेसेज पाठवणारा त्या जागी हवं ते नाव लिहू शकतो. याहून घातक प्रकार पुढे होतो. मोबाईल मेसेजचे गठ्ठे नावावरून बांधतो. मुलीला तिच्या बँकेकडून आधी खरे मेसेज आलेले असतील आणि ठगानं तेच नाव लावलं असेल, तर फसवा मेसेज त्याच गठ्ठ्यात, खऱ्या मेसेजच्या खाली जाऊन बसतो. "पण मामा, वरचे सगळे मेसेज खरे आहेत" हे ती म्हणेल आणि ते बरोबरच असेल. फक्त त्यावरून शेवटच्या मेसेजबद्दल काहीच कळत नाही.

वरच्या जुन्या मेसेजचा एक उपयोग मात्र होतो. बँक कसं लिहिते ते त्यात दिसतं. आधीच्या एकाही मेसेजमध्ये लिंक नव्हती आणि आज अचानक आली, तर तो फरक मोलाचा आहे.

पायरी ३: लिंकचं पोस्टमार्टेम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लिंक कोणत्याही भाषेत असली तरी तिचं व्याकरण एकच असतं आणि ते दहा मिनिटांत शिकता येतं.

`https://` च्या पुढून वाचायला सुरुवात करा आणि पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपाशी थांबा. त्या रेघेच्या पुढचं सगळं सोडून द्या. आपल्या नमुन्यात `/start` गळालं आणि उरलं:

```
sparkasse.de-pushtan.example
```

आता उजवीकडून डावीकडे या. शेवटचा तुकडा `example`. त्याच्या आधीच्या टिंबापर्यंत या, म्हणजे `de-pushtan`. हे दोन मिळून या पत्त्याचा मालक ठरतो: `de-pushtan.example`. त्याच्या डावीकडे जे काही आहे, इथे `sparkasse`, ते मालकानं स्वतःच्या मर्जीनं लावलेलं आहे. घराच्या दारावर कोणीही कोणाच्याही नावाची पाटी लावावी, तसं. सातबारा `de-pushtan.example` च्या नावावर आहे आणि तो बँकेचा नाही.

फसवणूक कुठे केली आहे ते नीट बघा. वरवर वाचताना डोळ्यांना `sparkasse.de` दिसतं, आणि हा जर्मनीतल्या या बँकसमूहाचा खरा पत्ता आहे. पण खऱ्या पत्त्यात `.de` नंतर एकतर तिरकी रेघ येते किंवा पत्ता संपतो. इथे `de` च्या पुढे जोडरेघ आहे. जोडरेघ शब्दाला चिकटवते, तोडत नाही. तोडतं ते टिंब. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर लिंक नेमकी जोडरेघेपाशी तुटून पुढच्या ओळीवर गेली, तर वरच्या ओळीत फक्त `https://sparkasse.de-` उरतं आणि भुलायला तेवढं पुरतं.

या नियमाला दोन पुरवण्या आहेत. काही देशांत शेवटचे दोन तुकडे मिळून एकच शेपटी असते. आपल्याकडच्या बँकांना रिझर्व्ह बँकेनं `.bank.in` वर जायला सांगितलं, तिथे मालक ठरवायला तीन तुकडे घ्यावे लागतात. जर्मनीत `.de` एकटंच असतं, दोन तुकडे पुरतात. दुसरी पुरवणी `bit.ly` सारख्या आखूड केलेल्या लिंकची. त्यात मालक दिसतच नाही. बँकेच्या नावानं आलेल्या, खात्याची भीती घालणाऱ्या मेसेजमध्ये आखूड लिंक असेल, तर तो फसवा समजूनच चाला.

आता कठीण प्रकार. समजा लिंक `sparkasse-` नं सुरू होणारी आणि सरळ `.de` नं संपणारी आहे. श्पारकासे ही एकच बँक नाही. जर्मनीत शहराशहराच्या आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या मिळून तीनशेहून अधिक स्वतंत्र बँका हे नाव लावतात आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळा. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातल्या मध्यवर्ती सहकारी बँका डोळ्यांपुढे आणल्या की ही रचना समजते. बर्लिनच्या बँकेचा पत्ता `berliner-sparkasse.de` आहे, म्हणजे शहराचं नाव आधी. दुसरीकडे ते नंतर येतं. त्यामुळे नाशिकमध्ये बसून "`sparkasse-` असं काहीतरी `.de` दिसतंय, म्हणजे बरोबर असेल" असं म्हणता येत नाही. मुलीनं खातं उघडताना मिळालेल्या कागदांवर किंवा खात्याच्या उताऱ्यावर पत्ता छापलेला असतो. त्याच्याशी एकेक अक्षर जुळवायचं. `berliner-sparkasse.de` आणि `sparkasse-berliner.de` यांत शब्द तेच आहेत, पण हे दोन वेगळे पत्ते आहेत आणि दुसऱ्याचा मालक कोण, हे नावावरून कळत नाही.

काही बँका ग्राहकानं स्वतः मागणी केल्यावर नोंदणीची लिंक एसएमएसनं पाठवतात. म्हणून लिंक दिसली की डोळे झाकून फसवा, हा नियमही पूर्ण बरोबर नाही. प्रश्न असा विचारा: गेल्या दहा मिनिटांत तू स्वतः बँकेकडे काही मागितलंस का? नाही म्हणाली, तर न मागता आलेली लिंक दाबायची नाही, पत्ता कितीही सोज्वळ दिसो.

पायरी ४: आता मजकूर, पण हात राखून

भाषांतर करून घ्यायला हरकत नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. यंत्रानं केलेलं भाषांतर मूळ मेसेजमधल्या चुका इस्त्री करून टाकतं. जर्मन वाक्य मोडकंतोडकं असलं तरी मराठी वाक्य नीटनेटकं येतं, आणि "भाषा तर व्यवस्थित आहे" असं वाटतं. उलट, खऱ्या मेसेजचं भाषांतर विचित्र आलं म्हणून तो फसवा ठरवणारेही असतात. भाषांतरावरून फक्त एकच गोष्ट घ्या: हा मेसेज आपल्याकडून काय करून घ्यायला बघतो आहे?

आपल्या नमुन्याचा अर्थ साधारण असा: "तुमची एस-पुशटॅन नोंदणी १४.११.२०२५ ला संपते. खातं बंद होऊ नये म्हणून ती इथे नव्यानं करा." पुशटॅन म्हणजे व्यवहार मंजूर करायचं बँकेचं वेगळं ॲप, आपल्या ओटीपीचं काम करणारं. मेसेजमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: दोन दिवसांची मुदत, खातं बंद पडण्याची धमकी, आणि सुटकेसाठी एकच दार, तेही याच मेसेजमधलं. हे त्रिकूट ज्या मेसेजमध्ये आहे तो जर्मन असो, अरबी असो की मराठी, निकाल तोच. बँकेला खरोखर काही नव्यानं करून हवं असेल तर ती तुम्हाला ॲपमध्ये यायला सांगेल, आणि ॲप तुमच्याकडे आधीपासून आहे.

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक खास गोंधळ होतो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी जे खातं काढावं लागतं, ज्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून महिन्याला ९९२ युरो काढता येतात, त्याला `Sperrkonto` म्हणतात. फसव्या मेसेजमध्ये `Sperrung` किंवा `gesperrt` हे शब्द असतात आणि भाषांतर दोन्हीकडे "ब्लॉक" असंच देतं. घरच्यांना वाटतं की व्हिसाच्या खात्याबद्दलच काहीतरी आलं आहे, आणि भीती दुप्पट होते. मेसेज ज्या बँकेच्या नावानं आला ती आणि व्हिसाचं खातं जिथे आहे ती संस्था एकच आहे का, एवढं विचारलं तरी बऱ्याचदा गोंधळ मिटतो. त्याहून आधीचा प्रश्न: या नावाच्या बँकेत तिचं खातं आहे तरी का? ठग नंबरांच्या याद्या घेऊन घाऊक मेसेज सोडतात. खातं नसलेल्या बँकेकडून "तुमचं खातं बंद होतंय" आलं, तर पुढच्या कोणत्याच पायरीची गरज उरत नाही.

भाषेतल्या खुणा आहेत, पण त्यांचं वजन हलकं धरा. जर्मन बँका आकडे `1.250,00 EUR` असे लिहितात, म्हणजे हजाराला टिंब आणि पैशांना स्वल्पविराम, आपल्या बरोबर उलटं. तारीख `14.11.2025` अशी टिंबांनी. जर्मन मेसेजमध्ये `1,250.00` दिसलं तर तो दुसऱ्या भाषेतून ओढून आणलेला असण्याची शक्यता असते. "तुमचं" यासाठी आदरार्थी `Ihr` चा पहिला `I` मोठा असतो आणि जर्मनमध्ये नामांचं पहिलं अक्षरही मोठंच असतं, त्यामुळे `ihr konto` दिसलं की भुवया उंचवाव्यात. `läuft` ऐवजी `laeuft` असं लिहिलेलं असेल तर? `ä`, `ö`, `ü`, `ß` ही अक्षरं एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात आहेत, तेव्हा ती टाळायला बँकेला तसं कारण नाही. पण जुन्या यंत्रणा तसं लिहीतही असतील, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

आणि उलटी बाजू: आमच्या नमुन्यात तारीख बरोबर, `ä` बरोबर, `Ihre` आणि `Ihres` चा `I` मोठा. व्याकरणावर विसंबलेला माणूस इथे फसला असता. चांगलं जर्मन लिहून मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. "शुद्धलेखनाच्या चुका शोधा" हा सल्ला जुना झाला. चूक दिसली तर तिचा पुरावा म्हणून उपयोग करा, दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

आखाती देशांतून येणाऱ्या अरबी मेसेजचे स्क्रीनशॉट वाचताना एक जादा काळजी घ्या. अरबी उजवीकडून वाचतात, पण लिंक डावीकडूनच वाचायची असते. मजकुराच्या मधे अडकलेली लिंक दोन ओळींत तुटली तर सुरुवात कुठली हे चुकतं. `https` शोधा आणि तिथूनच मोजा.

पायरी ५: बँकेकडे जा, पण आपल्या वाटेनं

मामांचा निकाल एव्हाना लागलेला आहे: लिंकचा मालक बँक नाही, मागणी न करता लिंक आली, आणि मुदत-धमकी-दार हे त्रिकूट हजर. फसवा. पण मुलीची धाकधूक जायला हवी असेल, किंवा लिंक इतकी साफ खोटी नसेल, तर ही पायरी हवीच.

तिनं एसएमएस बंद करायचा. मोबाईलवर आधीपासून असलेलं बँकेचं ॲप उघडायचं आणि आतला संदेशपेटीचा भाग बघायचा. नोंदणी खरंच संपत असेल तर तिथे तसं लिहिलेलं असेल. ॲप नसेल तर पत्ता बँकेच्या कागदावरून बघून हातानं टाइप करायचा. गुगलवर बँकेचं नाव शोधून वरचा दुवा दाबणं टाळा, कारण वरच्या जागा जाहिरातींच्या असतात आणि तिथेही नकली पानं घुसतात. फोन करायचा तर नंबर कार्डाच्या मागचा किंवा करारातला. मेसेजमध्ये दिलेला नंबर हा त्याच ठगाचा दुसरा दरवाजा असतो.

वेळेचा हिशेब ठेवा. नोव्हेंबरात बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. नाशिकला रात्री साडेदहा वाजता तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. शाखा बंद असेल तर सकाळपर्यंत थांबलं म्हणून या मेसेजनं काहीही बिघडत नाही.

मेसेज खरा, तरी धोका

हा भाग बहुतेक जण विसरतात. दुसरा एक स्क्रीनशॉट बघा:

```
Die TAN für Ihre Überweisung über 1.250,00 EUR
auf das Konto DE..4417 lautet 482913.
```

म्हणजे "अमुक खात्यावर १,२५० युरो पाठवण्यासाठीचा कोड ४८२९१३." लिंक नाही, धमकी नाही, रक्कम जर्मन पद्धतीनं लिहिलेली. युरोपात सप्टेंबर २०१९ पासून नियम असा आहे की ऑनलाइन पैसे पाठवतानाचा कोड त्या रकमेशी आणि घेणाऱ्याशी बांधलेला हवा, आणि मंजुरी देणाऱ्याला त्या दोन्ही दिसायला हव्यात. मेसेज त्या साच्यात बसतो. मामा म्हणतील, यात काही खोट नाही.

पण मुलगी म्हणते, "मी कोणालाच पैसे पाठवत नाहीये." तर मग मेसेज खरा असणं हीच वाईट बातमी आहे. कोणीतरी तिचा पिन घेऊन तिच्या खात्यात शिरलेलं आहे आणि शेवटच्या कुलपापाशी उभं आहे. अशा वेळी काही मिनिटांत फोन येतो, "बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून पैसे जातायत, थांबवायला आलेला कोड सांगा." तो कोड थांबवत नाही, पाठवतो. कोडच्या मेसेजमध्ये पैसे पाठवण्याऐवजी `Apple Pay` किंवा `Google Pay` चं नाव असेल, तर तिचं कार्ड दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये बसवलं जात आहे. एकदा ते बसलं की दुकानात दर वेळी नवा कोड लागत नाही, म्हणून तो एक कोड एका व्यवहाराच्या कोडपेक्षा महाग पडतो.

म्हणून कोडचा मेसेज आला की भाषांतरातून तीन गोष्टी काढा: कशासाठी, किती, कुणाला. तिन्ही तिनं स्वतः आत्ता केलेल्या कामाशी जुळली तरच तो कोड वापरायचा. एक जरी जुळली नाही तर कोड कुठेही टाकायचा नाही, कोणालाही सांगायचा नाही, आणि खाली सांगितल्याप्रमाणे खातं बंद करायचं. हो, आणि असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकताना कोड झाकायचा. सगळे आपलेच असले तरी.

लिंक दाबली गेली असेल तर

आधी शांतपणे विचारा, नेमकं कुठपर्यंत गेली होतीस? यावर पुढचं सगळं ठरतं आणि रागावलं तर खरं उत्तर मिळत नाही.

नुसतं पान उघडलं, काही लिहिलं नाही, काही डाउनलोड केलं नाही: पान बंद करायचं. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं. अँड्रॉइडवर एखादी फाइल उतरली असेल तर ती उघडायची नाही, काढून टाकायची.

नाव आणि पिन लिहिला, पण कोड दिला नाही: खऱ्या ॲपमधून लगेच पिन बदलायचा आणि बँकेला कळवायचं. आता वर सांगितलेले खरे कोडचे मेसेज यायला लागतील, ते कोणालाही द्यायचे नाहीत.

कोडही दिला: सगळं सोडून फोन. जर्मनीत कार्ड आणि ऑनलाइन बँकिंग बंद करायचा सामाईक नंबर `116 116` आहे, तिथून फुकट, दिवसरात्र. नाशिकमधून लावायचा तर `+49 116 116`, तो लागला नाही तर `+49 30 4050 4050`. बहुतेक बँका त्यावर आहेत, नसली तर ऑपरेटर तसं सांगतो. खात्याचा `DE` नं सुरू होणारा २२ अक्षरी क्रमांक समोर ठेवावा आणि फोन शक्यतो खातेदारानंच करावा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पोचणारी ताबडतोब रक्कम पाठवायची सोय द्यावीच लागते, त्यामुळे "सकाळी बघू" इथे चालत नाही.

आपल्या `1930` वर फोन करून जर्मन खातं बंद होत नाही, ती यंत्रणा भारतातल्या बँकांसाठी आहे. पण त्या नकली पानावर मुलीनं वडिलांचं भारतीय कार्ड किंवा इथल्या खात्याची माहिती भरली असेल, तर `1930` आणि `cybercrime.gov.in` दोन्ही लगेच. नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जायचं झालं तर स्क्रीनशॉटची छापील प्रत, व्यवहाराचा क्रमांक आणि खात्याचा उतारा सोबत न्या. जर्मनीतल्या खात्याची तक्रार तिथल्या पोलिसांत, बर्लिनमध्ये ती ऑनलाइनही देता येते.

फसलं कोणी नसेल तरी मेसेज लगेच पुसू नका. स्क्रीनशॉट `phishing@verbraucherzentrale.nrw` या तिथल्या ग्राहक संघटनेच्या पत्त्यावर पाठवता येतो. ती संघटना असे मेसेज गोळा करून नव्या प्रकारांचे इशारे देते. बँकेलाही एक प्रत जाऊ द्या. त्यानंतर नंबर ब्लॉक करायचा, मात्र एक बघून: मेसेज खऱ्या बँकेच्या गठ्ठ्यात येऊन बसला असेल तर त्या नावाला ब्लॉक करू नका, नाहीतर उद्या बँकेचा खरा इशाराही तिच्यापर्यंत पोचणार नाही. तेवढा एकच मेसेज निवडून काढून टाकायचा.